ताब्याची तारीख आणि व्याज: पत्र आम्हीच लिहिलं

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचा ताबा करारानुसार 31 डिसेंबर 2024 पर्यंत मिळायचा होता. जानेवारीत बिल्डरचं पत्र आलं: 'अपरिहार्य कारणांमुळे काम लांबले असून फिट-आउटसाठीचा ताबा तिसऱ्या तिमाहीत अपेक्षित आहे. ग्राहकांच्या हिताचा योग्य विचार केला जाईल.' खाली सहीसाठी ओळ होती, 'सुधारित वेळापत्रक मला मान्य आहे.' काहींनी सही करून टाकलीसुद्धा.

तिसरी तिमाही कुठली? कॅलेंडरची धरली तर सप्टेंबरअखेर, आर्थिक वर्षाची धरली तर डिसेंबरअखेर. त्याहून मोठी गोम 'फिट-आउट'मध्ये होती. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात नसताना फर्निचरसाठी नुसती चावी द्यायची आणि ताबा दिला म्हणायचं, ही जुनी वाट आहे. एकदा ताबा दिला म्हटलं की विलंबाचं व्याजही तिथेच थांबलं, असं बिल्डरला म्हणता येतं.

फ्लॅट घेतलेल्यांच्या बैठकीत आरडाओरडा पुष्कळ झाला. शेवटी आम्ही पत्राचा मसुदा स्वतःच लिहून बिल्डरपुढे ठेवला:

'करारातील ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2024 होती. आता भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा 30 सप्टेंबर 2025 पर्यंत देऊ. 1 जानेवारी 2025 पासून असा ताबा देईपर्यंत, आपण भरलेल्या रकमेवर रेरा नियमांनुसार व्याज देऊ. ते दरमहा 10 तारखेपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल.'

व्याज ही काही बिल्डरची मेहेरबानी नव्हे. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार फ्लॅट सोडायचा नसेल तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. सोडायचा असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. महाराष्ट्रात हा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक 2 टक्के. हिशेबापुरता 11 टक्के धरा. 60 लाख भरलेल्याला महिन्याला 55,000 रुपये, नऊ महिन्यांचे 4,95,000. हे आकडे मांडल्यावर 'योग्य विचार' म्हणजे किती, ते सगळ्यांना कळलं.

बिल्डर म्हणाला, "महारेराकडून मुदतवाढ मिळाली आहे, तीच तारीख धरा." ती वाढ प्रकल्पाच्या नोंदणीची असते. आपल्या करारातली तारीख तिच्यामुळे आपोआप सरकत नाही. हा मुद्दा आम्ही सोडला नाही. तारीख आणि ओसी त्यानं मान्य केलं. दरमहा रोख मात्र नाही, व्याज शेवटच्या हप्त्यातून वळतं करायचं ठरलं. आम्ही ते घेतलं, पण प्रत्येकाची रक्कम आणि दर पत्रात लिहून घेऊनच.

असं पत्र आलं तर पोच जरूर द्या, पण छापील 'मान्य आहे' खोडून हातानं लिहा: 'पत्र मिळाले. कलम 18 खालील हक्क राखून.' त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मगच सही केलेला कागद परत द्या.