कटल्याच्या व्हिडिओची सुरुवात: पहिल्या ८ सेकंदांत काय बोलायचं

आपल्या एका सभासदाच्या मुलीनं हिडकलच्या कटल्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ करायला घेतलाय. बोलायचा मजकूर तिनं वहीत लिहून सोसायटीत वाचायला दिला. मजकूर चांगला आहे, फक्त सुरुवात लांबलीय. बऱ्याच घरांतनं आता असे व्हिडिओ निघतायत आणि सगळ्यांची सुरुवात जवळपास हीच असते. म्हणून तिच्या परवानगीनं तोच मजकूर इथं घेऊन बघू.

तिची सुरुवात अशी होती:

"नमस्कार मंडळी, एल्लरिगू नमस्कार. आमच्या चॅनेलवर आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. मी अमुक, गाव अमुक. आमचा मासेमारीचा व्यवसाय तीन पिढ्यांपासून आहे. हिडकल धरण घटप्रभा नदीवर असून ते हुक्केरी तालुक्यात आहे. या धरणात कटला, रोहू, मृगळ असे विविध प्रकारचे मासे मिळतात. मासे आरोग्यासाठी अत्यंत चांगले असतात. आज आपण आमच्या कटला माशाविषयी माहिती घेणार आहोत."

आता शब्द मोजा. ५० च्या वर भरतात. कॅमेऱ्यासमोर सावकाश, स्पष्ट बोललं तर सेकंदाला दोन शब्द होतात. म्हणजे २५ सेकंद गेले आणि अजून मासा दिसलाच नाही. एका मिनिटाच्या व्हिडिओतला जवळपास अर्धा वेळ संपला. बघणारी बाई चुलीवर भात ठेवून फोन बघत असते, तिचा अंगठा तोवर पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो.

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे गिऱ्हाइकानं कधी आपल्याला विचारलंय का? हिडकल घटप्रभेवर आहे हे निपाणी-संकेश्वरच्या माणसाला सांगायची गरज नाही. मासे तब्येतीला चांगले, हे तर मासे खाणाऱ्याला सांगून काय उपयोग? तीन पिढ्यांचा धंदा ही अभिमानाची गोष्ट खरी, पण पाटीपुढं उभं राहिलेलं गिऱ्हाईक पिढ्या विचारत नाही. ते विचारतं, "आजचा हाय का?" आणि वाकून स्वतः कल्ला उघडून बघतं.

मग तिच्या वहीतला पुढचा भाग वाचला. तिथं हे होतं:

"आमची होडी पहाटे जाळं काढायला जाते. मासा निघाला की लगेच बर्फात ठेवतो. दुपारच्या आत निपाणीत पोचतो. घेताना कल्ला उघडून बघा, लाल असला तरच घ्या. साफ करून, तुकडे करून देतो."

सुरुवात इथंच आहे. वेगळं काही रचायला नको. बहुतेक मजकुरांत असंच असतं. सगळ्यात जोरकस वाक्य मध्येच कुठंतरी दडलेलं असतं, कारण लिहिणारा आधी घसा साफ करतो आणि मग कामाचं बोलतो. ते वाक्य शोधायची सोपी खूण म्हणजे ज्या वाक्यात हात काहीतरी करतो आणि डोळ्याला काहीतरी दिसतं, ते. "कल्ला उघडून बघा" यात दोन्ही आहे.

हेच का निवडलं, तेही सांगतो. ताजेपणाच्या खुणा तीन-चार आहेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ असतो, अंग बोटानं दाबलं की खड्डा लगेच भरून येतो, वास येत नाही, कल्ला लाल असतो. वास व्हिडिओत येत नाही. दाबल्याचा खड्डा छोट्या पडद्यावर नीट कळत नाही. डोळा बर्फात राहिला की ताज्या माशाचाही पांढुरका होऊ शकतो, मग गिऱ्हाईक उगाच शंका घेतं. कल्ला मात्र लाल आहे की तपकिरी पडलाय, हे एका नजरेत दिसतं. शिवाय ते दिसायला भाषा लागत नाही. आपल्या भागात हा मोठा फायदा आहे. निपाणीत मराठी, चिकोडीकडं गेलं की कन्नड, म्हणून प्रत्येक जण दोनदा नमस्कार करतो आणि तिथंच दोन सेकंद जातात. उघडलेला कल्ला दोघांनाही सारखाच कळतो. खाली पट्टीवर एक ओळ कन्नडमध्ये लिहिली की झालं.

नवी सुरुवात अशी केली. पहिल्या चित्रात माणसाचा चेहरा नाही. हातात धरलेला कटला, अंगठ्यानं कल्ल्यावरचं झाकण उचललेलं, आतला लाल रंग. त्यावर आवाज:

"कल्ला बघा. लाल नसंल तर घेऊ नका."

मग मासा पूर्ण दिसतो आणि पुढचं वाक्य येतं:

"हा हिडकलचा कटला. पहाटे जाळ्यातनं निघतो, दुपारच्या आत निपाणीत."

सगळे मिळून १६ शब्द, ८ सेकंद. धरणाचं नाव गेलं नाही, फक्त भूगोलाचा धडा गेला. मासा कुठला, ही गोष्ट महत्त्वाचीच आहे, कारण बाजारात आंध्रातल्या तळ्यांचा कटलाही बर्फाच्या खोक्यांतून येतो आणि गिऱ्हाईक फरक विचारतं.

"लाल नसंल तर घेऊ नका" हे ऐकून तिच्या वडिलांना जरा खटकलं. विकायला बसल्यावर "घेऊ नका" कशाला म्हणायचं? पण पाटीवर बसलेली आपली आजी-मावशी हेच म्हणत आलीय, बघून घ्या, पटलं तर घ्या. विकणारा स्वतः पारख शिकवतो तेव्हा माणूस थांबतो. आणि "दिसंल, नसंल" असं घरचं बोलणं तसंच ठेवलं. "नसल्यास खरेदी करू नये" म्हटलं की बातम्या ऐकल्यासारखं वाटतं.

आणखी तीन सुरुवाती सुचल्या होत्या, त्या का सोडल्या ते ऐका. एक होती, "तुम्ही खाता तो मासा किती दिवसांचा आहे माहीत आहे का?" यानं माणूस थांबतो, पण घाबरून थांबतो. तो आपला मासा घेण्याऐवजी त्या दिवशी मासेच घ्यायचे नाहीत असं ठरवतो. वर शेजारी पाटी लावणारी आपलीच माणसं असतात, त्यांच्या पोटावर पाय येतो. दुसरी, "कर्नाटकातला सगळ्यात ताजा मासा". असं सगळेच म्हणतात, म्हणून कुणी मान वर करत नाही. तिसरी, सरळ किलोचा दर. दर ऐकून माणूस नक्की थांबतो, पण दर आवकेवर हलतो, व्हिडिओ मात्र फोनमध्ये तसाच राहतो. पंधरा दिवसांनी कुणीतरी जुना व्हिडिओ दाखवून त्याच दरानं मागतो आणि वाद होतो. दर व्हिडिओखालच्या मजकुरात लिहा, तो बदलता येतो.

हेच कारण "आज" या शब्दालाही लागू आहे. तिच्या पहिल्या दुरुस्तीत "आज पहाटे धरलेला" असं होतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ एका ग्रुपातून दुसऱ्यात महिनाभर फिरत राहतो. पावसाळ्यात मासेमारी थांबली तरी तो फिरतच असणार. म्हणून "पहाटे निघतो, दुपारच्या आत पोचतो" असं रोजच्या कामाचं वाक्य ठेवलं. ज्या दिवशी तसं होणार नसेल, त्या दिवशी फोनवर तसं सांगायचं.

अजून एक अडचण याच सुरुवातीतून निघते. व्हिडिओत अख्ख्या माशाचा कल्ला दाखवला, पण घरी जातात साफ केलेले तुकडे. गिऱ्हाईक म्हणणार, कल्ला कुठाय? त्यामुळं तिनं पुढं एक वाक्य घातलं: "कापायच्या आधी तुमच्या माशाचा फोटो पाठवतो." हे काम वाढवणारं आहे, ते जमणार असेल तरच बोला. सुरुवातीला जे दाखवलं ते शेवटी मिळालं नाही तर असा व्हिडिओ न केलेलाच बरा.

काढून टाकलेल्या मजकुराचं काय झालं? नाव-गाव दहाव्या सेकंदाच्या आसपास आलं, एकाच वाक्यात: "मी अमुक, आमची होडी हिडकलला." ओळखीच्या गिऱ्हाइकाला याची गरज नसते, पण गडहिंग्लजहून कुणी अनोळखी माणूस फोनवरून पैसे पाठवणार असेल तर त्याला समोर कोण आहे ते कळायलाच हवं. तीन पिढ्या शेवटी फोन नंबरच्या आधी ठेवल्या, तिथं ते वाक्य भरवसा देतं. रोहू आणि मृगळ काढले, त्यांचा वेगळा व्हिडिओ होईल. तब्येतीचं वाक्य कुठंच ठेवलं नाही.

चित्रीकरणाच्या वेळी दोन गोष्टी बिघडतात. बटण दाबून मासा उचलेपर्यंत दोन सेकंद जातात आणि त्यात नुसती जमीन दिसते. मासा आधीच हातात घ्या, कल्ला उघडून धरा, मग दुसऱ्याला बटण दाबायला सांगा आणि पुढचा रिकामा भाग कापा. दुसरी गोष्ट उजेडाची. पिवळ्या बल्बखाली लाल कल्ला तपकिरी दिसतो. सकाळच्या सावलीत घ्या. रंग वाढवणारा फिल्टर लावू नका, प्रत्यक्षात कल्ला तेवढा भडक दिसत नाही आणि मग खरा मासाच शिळा वाटतो. होडीवर वारा असतो, म्हणून आवाज घरात वेगळा भरलेला चांगला. फेसबुकवर पुष्कळ वेळा व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच सुरू होतो, त्यामुळं पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावरही हवं.

फरक पडला का, ते बघायचं तर फक्त सुरुवात बदला, बाकी व्हिडिओ तोच ठेवा. फेसबुक व्हिडिओ निदान तीन सेकंद किती वेळा बघितला गेला तो आकडा देतं. यूट्यूब स्टुडिओत लोक कुठल्या सेकंदाला सोडून गेले त्याची रेघ दिसते. रेघ पहिल्या दोन-तीन सेकंदांत कोसळली तर पहिलं चित्र चुकलं. आठव्या-नवव्या सेकंदाला कोसळली तर सुरुवात चालली, पण जोड चुकला, म्हणजे जुनी प्रस्तावना मागच्या दारानं परत आत आली असणार. वीस-पंचवीस जणांनीच बघितलं असेल तर रेघेवर विसंबू नका. व्हॉट्सॲप स्टेटसला तर ही रेघच नसते. तिथं फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा. "दर काय?" एवढंच विचारतो, की "कल्ल्याचा फोटो पाठवताय ना?" असं विचारतो, त्यावरून त्यानं काय बघितलं ते कळतं.

ज्यांचा मजकूर लिहून तयार आहे त्यांनी तो सोसायटीत वाचायला आणावा. येताना पहिल्या दोन वाक्यांचे शब्द मोजून आणा.