माइक हातात घेण्याआधी

पोरी, हाउसांच्या प्रश्नमंजूषेत सुरुवातीचं बोलायचं काम तुझ्याकडं आलंय ना? मग दोन घटका बस माझ्याजवळ. मास्तरकीत अशी भाषणं खूप ऐकलीत मी.

दोन मिनिटांच्या वर बोलू नकोस. वहीचं एक पान भरलं की थांबायचं. पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकानं घेतलेली असतात, ती परत घेत बसू नकोस.

तू बिंदुसरा हाउसची कॅप्टन. पण माइकपुढं उभी राहिलीस की चारही हाउसांची. हाउसांना नावं नद्यांचीच, म्हणून सुरुवात नद्यांवरूनच कर: "आमची बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगवते आणि लांबचा वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीतच जाते. तेव्हा आज कुणीही जिंको, पाणी एकाच पात्रात जाणार आहे." पोरं हसतील. मात्र हेच गोदावरीच्या कॅप्टननं म्हटलं तर फुशारकी वाटेल. धाकट्या नदीच्या तोंडी ते शोभतं.

आता खरा मुद्दा. "खिलाडूवृत्तीनं खेळा" एवढं म्हणून भागत नाही. भांडण कुठं पेटतं ते ओळखून तिथला नियम आधीच सांगायचा. एका शाळेत मी परीक्षक होतो. 'विवेकसिंधू' कुठं लिहिला गेला, असा प्रश्न आला. कागदावर उत्तर होतं अंबाजोगाई. एका पोरानं सांगितलं, वैनगंगेकाठचं आंभोरा. चूक धरलं, आणि सभागृहात गलका. पोराचं चुकलं नव्हतं. त्या जागेवरून अभ्यासकांतच मतभेद आहेत. गुण कुणाला द्यायचे ते आधी ठरलंच नव्हतं. अर्धा तास गेला.

म्हणून आदल्या दिवशी सरांशी बोलून घे आणि ठरलेलं तेवढंच जाहीर कर: "उत्तर पटलं नाही तर फक्त कॅप्टननं हात वर करायचा, तोही पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत. सर सांगतील तो निर्णय शेवटचा. प्रश्नच वादाचा निघाला तर तो रद्द, बदली प्रश्न मिळेल."

दुसरी आग प्रेक्षकांतून लागते. कुणीतरी मागून उत्तर फुसफुसतं. त्यांना रागवू नकोस, हसत सांग: "उत्तर येत असेल तर ओठ मिटून ठेवा. आवाज आला की प्रश्न बाद, आणि तुमच्याच हाउसचे गुण बुडाले!"

शेवटी टाळ्या मागू नकोस. "चला, पहिला प्रश्न," म्हण आणि जागेवर जा.

आणि एक ध्यानात ठेव. फळ्यावर बिंदुसरेपुढं चुकून पाच गुण जास्त पडले, तर पहिला हात तुझाच वर गेला पाहिजे. तो जाणार नसेल, तर नद्यांचं वाक्य भाषणातून आत्ताच काढून टाक.