काजू, बदाम व पिस्ते ह्यांचे तेल न सुटता पीठ कसे करावे

दिवाळीच्या सुमारास कुंडल व आसपासच्या गावांतून काजूकतली घरी करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. काही महिला बचत गट विक्रीसाठीही ती करतात. साखर ह्या ऊसपट्ट्यात घरचीच म्हणावी लागेल. काजू मात्र सह्याद्रीपलीकडून, म्हणजे वेंगुर्ले, मालवण, राजापूर ह्या बाजूने, अथवा आजरा-चंदगडकडून येतो आणि तो महाग असतो. असा महाग माल मिक्सरच्या भांड्यात दोन मिनिटांत बिघडतो. पीठ व्हावयाच्या ऐवजी पात्यांभोवती चिकट, तेलकट लगदा बसतो. त्याची कतली केल्यास ती ताटात तूप सोडल्यासारखी दिसते व कापताना तुटते. हे का होते, ते प्रथम समजून घ्यावे.

काजूगरात वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी तेल असते. अर्धा किलो काजूत सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. बदामात हे प्रमाण थोडे अधिक व पिस्त्यात साधारण काजूइतकेच असते. हे तेल दाण्यात मोकळे नसते. दाण्याच्या अतिसूक्ष्म पेशींत ते बारीक थेंबांच्या रूपाने असते व प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे पातळ वेष्टन असते. दाणा कापला गेला की काही थोड्याच पेशी फुटतात व पीठ कोरडे राहते. तोच दाणा चिरडला, घासला व तापला, म्हणजे वेष्टने फाटतात, तेल पातळ होते आणि थेंब एकमेकांत मिसळून बाहेर येतात. मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. पहिल्या काही सेकंदांत ते कापण्याचे काम करते. त्यापुढे तळाशी साचलेले पीठ ते केवळ घाशीत व तापवीत राहते. तेव्हा सर्व युक्त्यांचा हेतू एकच आहे : दाणा कापला जावा, पण तापू अगर चिरडू नये.

आपल्या जुन्या घरांतील किसणी ह्या दृष्टीने फार चांगली. दट्ट्याने दाणे दाबून दांडी फिरविली की त्यांचे पातळ पापुद्रे निघतात आणि तेल सुटण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. वेळ अधिक लागतो एवढेच. पाव किलोपर्यंतच्या कामास आम्ही आजही किसणीच सुचवू. जात्यावर मात्र काजू कधीही घालू नये. पाळूच्या टाक्यांत लगदा बसतो व जाते धुऊन काढावे लागते.

आता मिक्सरवर अर्धा किलो काजूचे पीठ करण्याची रीत पाहू. कतलीसाठी अखंड, मोठा काजू घेण्याचे कारण नाही. पाकळी किंवा तुकडा चालतो व तो स्वस्त पडतो. परंतु तुकड्याला हवा अधिक लागत असल्याने तो लवकर खवट होतो. म्हणून घेताना एक तुकडा चावून पाहावा. भाजलेला अगर खारा काजू घेऊ नये, कारण भाजल्याने दाण्याची रचना सैल होऊन तेल लवकर सुटते.

काजू दमट असल्यास पीठ चाळणीत गुठळ्या धरते. असा काजू आदल्या दिवशी ताटात पसरून सौम्य उन्हात दोन-तीन तास ठेवावा व नंतर पूर्ण निवू द्यावा. कोमट काजू दळणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. फ्रीजमध्ये ठेवून गार करावयाचा असेल, तर तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नये. लगेच उघडल्यास गार दाण्यांवर हवेतील बाष्प दंवासारखे जमते आणि दाणे ओले होतात. कुंडलसारख्या गावी उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकलेले बरे.

एकूण साखर ३०० ग्रॅम घ्यावी. पैकी ६० ग्रॅम आधी दळून तिची पिठीसाखर करावी व ती निवू द्यावी. काजूचे १२५ ग्रॅमचे चार वाटे करावेत. प्रत्येक वाट्याबरोबर १५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, पिठीसाखर भांड्यात घालावी. साखरेचे कण काजूच्या कणांमध्ये शिरतात, ते एकमेकांस चिकटू देत नाहीत व थोडे सुटलेले तेल आपल्या अंगावर धरून ठेवतात. भांडे कोरडे हवे व ते निम्म्याहून अधिक भरू नये.

मिक्सर सलग चालवू नये. तीन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवून तळचे पीठ वर आणावे, पुन्हा तीन सेकंद फिरवावे. असे सहा-सात वेळा केले की पुरे. मग ते मैद्याच्या चाळणीने चाळावे. वर राहिलेला चाळ एकटाच पुन्हा दळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण थोडासा माल पात्याखाली नुसता फिरत राहतो व तेल तेथेच सुटते. हा चाळ पुढच्या वाट्यात मिसळावा. शेवटचा चाळ मूठभर उरेल, तो खिरीत किंवा लाडवात घालावा. दोन वाट्यांच्या मध्ये भांड्याला बाहेरून हात लावून पाहावा. ऊन लागल्यास दहा मिनिटे थांबावे.

पीठ साधले की नाही, हे चिमटीने कळते. चिमटीत दाबून सोडल्यावर पीठ भुरभुर सुटले तर उत्तम. किंचित गोळा होऊन बोटाने मोडला तरी चालेल. गोळा चकाकला व बोटास तेल लागले, तर त्या वाट्याचे दळण तेथेच थांबवावे. असे पीठ कतलीत न घालता भाजीच्या रश्श्यास वापरावे, नुकसान टळते.

उरलेल्या २४० ग्रॅम साखरेत १२० मिलिलिटर पाणी घालून एकतारी पाक करावा व मंद आचेवर पीठ घालून ढवळावे. गोळा कढईपासून सुटू लागताच खाली उतरावा. चांगले पीठही येथे जास्त आटविल्यास तेल सोडते. तसे झाल्यास चमचाभर कोमट दूध शिंपडून गोळा मळावा, म्हणजे तेल पुन्हा बरेचसे आत मिसळते.

बदामाची गोष्ट थोडी निराळी आहे. साल काढण्यासाठी तो उकळत्या पाण्यात एखादे मिनिट ठेवावा लागतो, त्यामुळे ओला होतो. पीठ हवे असल्यास सोललेले बदाम पुसून, पसरून, खडखडीत वाळवूनच दळावेत. हलव्यासाठी मात्र वाळविण्याची खटपट कशाला? भिजलेले बदाम थोडे दूध घालून पाट्यावर अगर मिक्सरमध्ये वाटावेत. पाणी किंवा दूध असले की सुटलेले थेंब त्यात दुधासारखे विखुरलेले राहतात व वाटण तेलकट होत नाही. युरोपातील मिठाईवालेही बदाम कुटताना गुलाबपाण्याचे थेंब शिंपडीत, ते ह्याच कारणाने. अर्धवट ओलावा मात्र वाईट. त्याने ना पीठ होते ना वाटण.

पिस्ता मऊ असल्याने सर्वांत लवकर चिकट होतो. त्याचे वाटे ७५ ग्रॅमपेक्षा मोठे करू नयेत आणि साखरेचे प्रमाण काजूपेक्षा थोडे वाढवावे. सोललेला पिस्ता सावलीतच वाळवावा, उन्हात हिरवा रंग उडतो.

तयार पीठ साठविण्याचा माल नव्हे. फुटलेल्या पेशींतील तेलास हवा लागून ते अख्ख्या दाण्यापेक्षा फार लवकर खवट होते. म्हणून गटांनी काजू अखंड साठवावा आणि ज्या दिवशी कतली करावयाची, त्याच सकाळी दळावा.