सोयावडीतील प्रथिने : वजन कोरडे की भिजलेले?

माळव्यात सोयाबीनचे पीक मुबलक असल्याने सोयावडी वसतिगृहांच्या स्वयंपाकघरातही रुळली आहे. तिच्या वेष्टनावर 100 ग्रॅममागे सुमारे 52 ग्रॅम प्रथिने असा आकडा आढळतो. तो कोरड्या वडीचा होय.

वडी सच्छिद्र असते. गरम पाण्यात भिजवून पिळल्यावरही तिचे वजन सुमारे तिप्पट भरते. वाढते ते पाणी. प्रथिने जवळजवळ तेवढीच राहतात. म्हणून 100 ग्रॅम भिजलेल्या वडीत ती साधारण 17 ग्रॅमच असतात.

40 मुलांसाठी प्रत्येकी 25 ग्रॅम, म्हणजे 1 किलो वडी मंजूर आहे असे समजू. कोठीतून 1 किलो कोरडी वडी तोलून दिली, तर प्रत्येकास 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. आचाऱ्याने आधी भिजवून मग 1 किलो तोलली, तर जेमतेम सव्वाचार ग्रॅम. नोंदवहीत मात्र दोन्ही दिवशी '1 किलो' असेच लिहिले जाते, आणि ताटातील उणीव रस्सा झाकून टाकतो!

पिळण्याचा जोर हातागणिक बदलत असल्याने तिप्पट हे प्रमाणही पक्के नव्हे. भिजलेलेच वजन हाती असेल, तर आपल्या स्वयंपाकघरात 100 ग्रॅम कोरडी वडी नेहमीप्रमाणे भिजवून, पिळून एकदा तोलावी. ती 280 ग्रॅम भरली, तर भिजलेल्या वजनास 2.8 ने भागून कोरडे वजन काढावे व तेच नोंदवावे.