मुख्य बॅटरी पूर्ण, तरी इशारा का?

प्रश्न : माझ्या विजेच्या मोटारीची मुख्य बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही बारा व्होल्टच्या बॅटरीचा इशारा पडद्यावर येतो. हे कसे?
— एक वाचक, संत तुकाराम नगर, पिंपरी

उत्तर : मुख्य बॅटरीचा प्रवाह मोटारीस मिळण्यासाठी जे कॉन्टॅक्टर मिटावे लागतात, ते मिटविण्याची शक्ती या लहान बॅटरीकडूनच येत असल्यामुळे, खजिना भरलेला असूनही किल्लीवाला कारकून आजारी पडावा, तशी ही अवस्था आहे. तिला मुख्य बॅटरीतून भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर गाडी उभी असताना बहुतांश वेळ स्वस्थ असतो. त्या काळात अलार्म, डॅशकॅम इत्यादींचा खर्च तिलाच सोसावा लागतो.

निदानासाठी मल्टिमीटर पुरे. लेड-ॲसिड बॅटरी असल्यास रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असावा. समजा, सकाळी ११.९ दिसला आणि गाडी READY स्थितीत आणताच तो १४ वर चढला, तर कन्व्हर्टर शाबूत आहे. मग चांगली फेरी मारून, डॅशकॅम काढून, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजावे: दाब टिकला तर दोष डॅशकॅमचा, पुन्हा घसरला तर बॅटरी जीर्ण झाली असण्याचा संभव अधिक, म्हणून तिची लोड टेस्ट करवून घ्यावी. READY स्थितीतही दाब चढलाच नाही, तर टर्मिनल सैल नाहीत एवढे पाहून काम सेवाकेंद्राच्या स्वाधीन करावे. नारिंगी केबलांस हात लावू नये.