भीती वाटली, राग दिसला

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. यंदा सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्यावर, आकाशपाळण्याजवळच्या गर्दीत तो आमच्यापासून चुकला. सापडला तेव्हा मला बघून त्याचे ओठ थरथरायला लागले. तेवढ्यात त्याचा काका म्हणाला, “रडलालास का बे पोरीवानी?” पोराने ओठ आवळून घेतले. घरी जाताना मात्र काही कारण नसताना त्याने धाकट्या बहिणीला ढकललं आणि नवीन घेतलेली गाडी आपटून फोडली. हल्ली काहीही बिनसलं की तो रडत नाही, चिडतो. मुलग्यांचा स्वभाव जन्मतःच असा असतो का? आणि त्याला रडू दिलं तर पुढे बाहेरच्या जगात त्याचा निभाव लागेल का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही दोन गोष्टी एकापाठोपाठ पाहिल्या आणि त्यांचा संबंध ओळखलात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. बहिणीला ढकलणारा मुलगा तेव्हाही घाबरलेलाच होता. ती भीती रडण्यातून बाहेर पडू शकली नाही, तेव्हा तिने रागाची वाट धरली.

जन्मतःच म्हणावं, तर पुरावा तसं सांगत नाही. मुलंमुली भावना कशा व्यक्त करतात, यावरचे दीडशेहून जास्त अभ्यास तारा चॅप्लिन आणि अमेलिया अल्डाओ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एकत्र तपासले. मुलगे आणि मुली यांच्यातला फरक एकंदरीत फारच लहान निघाला. शिवाय तो वयाप्रमाणे आणि समोर कोण आहे त्याप्रमाणे बदलत होता. उपजत, पक्क्या स्वभावाचं लक्षण असं बदलतं नसतं.

मग हे वळण लागतं कधी? आपण समजतो त्याच्या पुष्कळ आधी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९७६ मध्ये झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. नऊ महिन्यांच्या एका बाळाचं चित्रण दोनशेहून अधिक जणांना दाखवलं गेलं. निम्म्यांना सांगितलं, हा मुलगा आहे. निम्म्यांना सांगितलं, ही मुलगी आहे. बाळ तेच, चित्रण तेच. झाकण उघडताच बाहुला टुणकन बाहेर येणारी डबी पाहून ते बाळ दचकून रडतं. ‘मुलगी’ समजून पाहणाऱ्यांना ते घाबरलेलं दिसलं, ‘मुलगा’ समजून पाहणाऱ्यांना ते चिडलेलं दिसलं.

याचा परिणाम काय होतो पाहा. घाबरलेल्या लेकराला आपण उचलतो, पाठीवरून हात फिरवतो, “काही नाही हं, मी आहे” म्हणतो. चिडलेल्या लेकराला दटावतो किंवा एकटं सोडतो. म्हणजे मुलग्याच्या भीतीला नावही मिळत नाही आणि कुशीही मिळत नाही. त्यानंतर “बायकी आहेस का”, “बांगड्या भर” ही वाक्यं गल्लीत, शाळेत, घरच्या लग्नकार्यात येत राहतात. रडलं की हसतात आणि डोळे वटारले की दबून राहतात, हे पोराला कोणी शिकवावं लागत नाही. दोन-चार अनुभवांत त्याला ते कळतं. सगळ्या भावनांपैकी एकट्या रागाला पुरुषाच्या अंगावर मान आहे, आणि बाकीच्या भावना त्याच्या आड लपायला शिकतात.

दाबलेली भावना कमी होते का, हेही तपासलं गेलं आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये काही तरुणांना किळस वाटेल असं शस्त्रक्रियेचं चित्रण दाखवलं आणि त्यातल्या काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही असं बजावलं. त्यांनी चेहरा उत्तम सांभाळला. पण आत वाटणारी किळस तसूभरही कमी झाली नव्हती आणि अंगावरच्या घामाची, म्हणजे शरीरावरच्या ताणाची मोजमापं उलट वाढली होती. बायका आणि पुरुष दोघांच्याही बाबतीत हे खरं ठरलं.

आता निभाव लागण्याचा प्रश्न. भावना आवरता येणं हा दुर्गुण नाही, हे मी स्पष्ट म्हणेन. अपघातग्रस्ताला उचलणाऱ्याने आधी उचलावं, रडू मागून येऊ द्यावं. बिघाड होतो तो ‘मागून’ कधीच येत नाही तेव्हा. निरोगी पुरुषपण मला यात दिसतं : प्रसंगी धीर धरता येतो, आणि प्रसंग सरल्यावर “मी घाबरलो होतो” असं विश्वासाच्या माणसाला सांगताही येतं. ज्याला हे दुसरं जमत नाही, तो निभावतो असं वरवर दिसतं. २०२२ मध्ये देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सात पुरुष होते, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. कर्ज, बेकारी, दारू, आजार अशी कारणं त्यामागे असतात, केवळ न रडण्याने कोणी जीव देत नाही. पण मदत मागायला जीभ न रेटणं हे या कारणांना जीवघेणं करतं.

घरी काय करायचं? तो चिडला की दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बहिणीला ढकललं, तर हात तिथेच थांबवायचा. त्यात सवलत नाही. त्याच्या आतलं मात्र विचारायचं, आणि “काय झालं?” असं मोघम विचारायचं नाही. नऊ वर्षांच्या पोराचं त्यावर “काही नाही” हेच उत्तर असतं. त्यापेक्षा अंदाज सांगा : “त्या दिवशी आम्ही दिसलो नाही तेव्हा पोटात गोळा आला असेल ना?” चुकलं तर तो दुरुस्त करेल. समोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, शेंगा सोलताना, अंथरुणं घालताना मुलगे जास्त बोलतात.

याहून जास्त परिणाम होतो तो वडिलांच्या बोलण्याचा. जेवताना त्यांनी सहज म्हणावं, “आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मला फार वाईट वाटलं.” त्यावर उपदेश नको. बापालाही वाईट वाटतं आणि त्याने बाप लहान होत नाही, हे मुलाने प्रत्यक्ष पाहायला हवं. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘मावा’ ही मुंबईतली संस्था १९९३ पासून हेच काम पुरुषांमध्ये करते आहे; ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंक तुमच्या घरातल्या पुरुषांच्या हाती पडावा असं मला वाटतं. मुंबईतच ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मुलांशी मुलींच्या सन्मानाबद्दल आणि हिंसेबद्दल बोलायला सुरुवात केली होती. मुलांचे विचार बदलले, वागणं त्या मानाने थोडंच बदललं. काही महिन्यांच्या बोलण्याने वर्षांचं वळण सुटत नाही, हे धरूनच चालावं.

एक मात्र लक्षात ठेवा. लहान मुलांमधलं नैराश्य पुष्कळदा उदासपणाऐवजी चिडचिडीच्या रूपात येतं. दोन आठवडे रोज चिडचिड आहे, शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं, झोप मोडते, आवडीचा खेळ सुटला आहे, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि काकांचं. त्यांना पोरासमोर सुनावू नका. चारचौघांत खाली पाहायला लागलेला माणूस उलट जास्त टोचून बोलतो. तुमच्या यजमानांनीच त्यांना बाजूला घेऊन त्यांचं लहानपण विचारावं : तू कधी चुकला होतास का, आणि सापडल्यावर कोण काय म्हणालं होतं?