यंत्राची पहिली परीक्षा

नवा थ्रीडी प्रिंटर जोडून झाला, की प्रथम एकाच थराचा चौकोन छापावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. रेषांमध्ये फटी राहिल्या, तर नोझल पटलापासून दूर आहे. थर खरवडल्यासारखा दिसला, तर ते फार जवळ आहे. हा थर नीट बसल्यावाचून पुढील मापांवर विसंबता येत नाही.

त्यानंतर २० मिलिमीटरचा घन छापून कॅलिपरने मोजावा. तळाशी मोजू नये. दाबामुळे तो भाग पसरलेला असतो. आमचा घन रुंदीत २०.२ भरला. यंत्राची चाल एक टक्क्याने चुकते, असे मुलांना वाटले. तेव्हा आम्ही १०० मिलिमीटरची पट्टी छापली. चालीचा दोष असता, तर ती १०१ भरली असती. ती भरली १००.२. चूक लांबीबरोबर वाढत नव्हती. प्लास्टिक किंचित अधिक पडून दोन्ही बाजू ०.१ मिलिमीटरने फुगत होत्या. म्हणून मोटरच्या मांडणीला हात न लावता आम्ही प्लास्टिकचा प्रवाह थोडा कमी केला.

तापमानाचा मनोरा मात्र वस्तूवर केसासारखे तंतू दिसू लागले, तरच छापावा.